निष्कर्ष शेवटच्या पानावर दडवण्याचा हट्ट

"लांब अहवाल लिहिण्याचे चार सुवर्णनियम : १) निष्कर्ष शेवटीच द्या, आधी सांगितला तर पुढचे कोणी वाचत नाही. २) जेवढे उपविभाग जास्त, तेवढे चाळणाऱ्याला सोपे. ३) शीर्षके तटस्थ ठेवा. ४) काम ज्या क्रमाने केले त्याच क्रमाने लिहा. पुढे पाठवा!"

हा संदेश माझ्या भाचीला तिच्या वरिष्ठांनी पाठवला आणि तिने तो इमानेइतबारे पाळला. ती पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला आहे. एका तालुक्यातील नळपाणी योजनांची पाहणी करून तिने जिल्हा परिषदेसाठी अहवाल लिहिला आणि धाडण्यापूर्वी माझ्याकडे नजरेखालून घालायला दिला. तीन गावांच्या कूपनलिकांत नायट्रेट मर्यादेबाहेर गेले आहे, ही त्यातील सर्वांत गंभीर गोष्ट मला ४.३.२.१ क्रमांकाच्या 'रासायनिक चाचण्यांचे निकाल' या उपविभागात, एका तक्त्याखालच्या परिच्छेदात सापडली. असे होणार असेल तर या सुवर्णनियमांचा समाचार घ्यायलाच हवा.

पहिल्या नियमामागची समजूत अशी दिसते की, उत्तर लपवले की वाचक ते शोधत शेवटपर्यंत येईल. रहस्यकथेचा वाचक येतो. जिल्हा परिषदेतील अधिकारी येत नाही, कारण त्याच्यापुढे त्या दिवशी आणखी फायली असतात आणि बैठक तोंडावर आलेली असते. अमेरिकेतील वेस्टिंगहाउस या विद्युत कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याच व्यवस्थापकांना, तुम्ही अहवालातले नेमके काय वाचता, असे विचारले होते. सारांश सगळेच वाचत होते. प्रस्तावना आणि निष्कर्ष वाचणारे जेमतेम निम्म्याहून अधिक होते, आणि मधला मजकूर किंवा परिशिष्टे उघडणारे थोडेच होते. हे व्यवस्थापक आळशी नव्हते. प्रश्न काय आहे, काय आढळले आणि आता मी काय करायचे, एवढेच त्यांना त्या कागदांतून हवे होते. निष्कर्ष मागे ढकलल्याने मधला मजकूर वाचला जात नाही. उलट ज्याचा हात शेवटच्या पानापर्यंत पोहोचत नाही, त्याच्या हाती काहीच लागत नाही.

ज्याचा हात पोहोचतो, त्याचे काय होते तेही पाहा, कारण खरा धोका तिथे आहे. भाचीच्या अहवालात सगळ्या शिफारशी शेवटच्या प्रकरणात एकत्र होत्या आणि त्यांतली दुसरी होती, 'नागरिकांनी पाणी उकळून प्यावे'. ही सूचना ज्या गावांत क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोहोचत नाही त्यांच्यासाठी होती आणि तिथे ती योग्यच आहे. पण नायट्रेट उकळल्याने जात नाही, पाण्याची वाफ होऊन त्याचे प्रमाण वाढतेच. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे आणि तीत सवलत ठेवलेली नाही, कारण अशा पाण्यात कालवलेले दूध तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता कमी करू शकते. आता केवळ शेवटचे प्रकरण चाळणारा अधिकारी, त्या तीन गावांनाही पाणी उकळून पिण्याचे पत्रक काढून मोकळा झाला असता. अहवालात एकही विधान चुकीचे नव्हते. दोष विभागणीचा होता : निरीक्षणे एकीकडे आणि शिफारशी दुसरीकडे ठेवल्यामुळे कोणता उपाय कोणत्या दुखण्यावर आहे, हे चाळणाऱ्याला कळण्याची सोयच उरली नव्हती.

म्हणून आम्ही 'निरीक्षणे', 'विश्लेषण', 'शिफारशी' ही प्रकरणे मोडली आणि दुखण्यांनुसार नवी केली. प्रत्येक प्रकरणात काय आढळले, कोणत्या गावांत आढळले, काय करावे आणि ते कोणी करावे, हे सलग येते. जिथे विलंबाने सर्वाधिक हानी होईल ते प्रकरण आधी, म्हणून नायट्रेट पहिले, क्लोरीन दुसरे आणि गळक्या जलवाहिन्या तिसऱ्या. नमुने कसे घेतले आणि कुठे तपासले हे त्यानंतर. या सगळ्याच्या डोक्यावर एका पानाचा सारांश आहे आणि त्याचे पहिलेच वाक्य त्या तीन गावांची नावे घेऊन, बाळांसाठी दुसरे पाणी ताबडतोब पुरवा, असे सांगते.

पहिल्या नियमात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. शोधनिबंधात पद्धती आधी आणि निष्कर्ष नंतर येतो, आणि ते रास्त आहे, कारण तो वाचणाऱ्याला पद्धतच पारखायची असते. मात्र तिथेही निष्कर्ष सांगणारा गोषवारा माथ्यावर असतोच. तसेच जो निष्कर्ष वाचणाऱ्याच्याच खात्याला दोष देतो, त्याच्या आधी नमुने कोणासमक्ष घेतले हे सांगणारी दोन वाक्ये असावीत. दोन प्रकरणे नव्हेत.

दुसऱ्या नियमाचा नमुना म्हणजे तो ४.३.२.१. प्रत्येक परिच्छेदाला शीर्षक दिले की सगळी शीर्षके सारख्याच वजनाची दिसू लागतात आणि डोळा कशावरच थांबत नाही. शिवाय अनुक्रमणिका इतकी पानभर पसरते की तीच चाळावी लागते. अशा अहवालाला दोन पातळ्या पुरतात. ज्या उपविभागात एकच परिच्छेद आहे तो शेजारच्यात मिसळावा, आणि जिथे ४.३.१ आहे पण ४.३.२ नाही, तिथे विभागणी झालेलीच नाही असे समजावे.

शीर्षकांच्या तटस्थपणाचे म्हणाल, तर 'निरीक्षणे' हे शीर्षक कोणत्याही अहवालाला बसते, म्हणूनच ते काही सांगत नाही. आता पहिल्या प्रकरणाचे शीर्षक असे आहे : 'मे महिन्यातील नमुन्यांत तीन गावांचे नायट्रेट मर्यादेबाहेर, बाळांसाठी पर्यायी पाणी हवे'. त्यातले 'मे महिन्यातील' हे शब्द भाचीला आधी अनावश्यक वाटत होते. पण नमुने एकदाच आणि ऐन उन्हाळ्यात घेतलेले आहेत, आणि चाळणारा माणूस शीर्षकाखालचा खुलासा वाचेल याची खात्री नसते. तेव्हा शीर्षकाने हाताशी असलेल्या पुराव्यापेक्षा जास्त बोलता कामा नये. पारख सोपी आहे : केवळ अनुक्रमणिका एखाद्या बाहेरच्या माणसाला द्यावी आणि पहिल्या दिवशी काय कराल, असे विचारावे. त्याला सांगता आले नाही, तर शीर्षके पुन्हा लिहावीत. परिशिष्टांना मात्र कोरडी शीर्षकेच शोभतात, कारण तिथे माणूस काय शोधायचे ते ठरवून येतो.

चौथ्या नियमावर फार शाई खर्च करण्यात अर्थ नाही. पाहणी पथक आधी कोणत्या गावी गेले, याच्याशी ते पथक आणि त्यांचा प्रवासभत्ता मंजूर करणारा कारकून यांच्याशिवाय कोणाचा संबंध नाही. भाचीने गावे भेटींच्या क्रमाने लावली होती. ग्रामसेवकाला मात्र फक्त त्याचे गाव हवे असते, आणि ते त्याला पहिल्या प्रयत्नात सापडले पाहिजे. आता परिशिष्टात गावांचा तक्ता अकारविल्हे आहे आणि प्रत्येक नावापुढे त्या गावाचे दुखणे ज्या प्रकरणात आले आहे त्याचा पृष्ठक्रमांक आहे. भेटींच्या तारखा त्याच तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात गेल्या आहेत.