क्रीडादिनाच्या हाऊस वाटपाबाबत खुलासा

“पाचवीतली पळणारी मुलं मुद्दाम लाल हाऊसमध्ये घातली.”

पालकहो, असं झालेलं नाही. शनिवारी परिपाठानंतर मैदानावर सर्वांसमोर चिठ्ठ्या काढल्या. वर्गात ४० मुलं, म्हणून चार रंगांच्या दहा-दहा चिठ्ठ्या, एकाच कागदाच्या, सारख्या घडीच्या. प्रत्येक मुलानं स्वतः डब्यातून चिठ्ठी उचलली, मोठ्यानं वाचली आणि रंग लगेच फळ्यावर लिहिला गेला. अपवाद एकच: मोठं भावंड शाळेत असेल तर धाकट्याला त्याचंच हाऊस मिळतं. तेवढ्या चिठ्ठ्या आधीच, सगळ्यांना दाखवून बाजूला काढल्या होत्या. चिठ्ठीनं संख्या सारखी होते, वेग नाही. त्यामुळे रिलेतले तिघे लाल हाऊसमध्ये गेले, हे खरं आहे. पण मुलांनी स्वतः उचललेल्या चिठ्ठ्या आता बदलणार नाही. यादी सूचना फलकावर आहे.

— वर्गशिक्षिका