मांजर डोके घासते ते केवळ दुधासाठी नव्हे

«मांजर माणसाला ओळखत नाही. शेपूट उभी करून येतं तो त्याचा ताठा. डोळे मिटतं ते झोप आली म्हणून, आणि पायाला डोकं घासतं ते फक्त दुधासाठी. माया कुत्र्याला असते, मांजराला नुसता स्वार्थ.»

बेळगाव, खानापूर आणि निपाणी या भागांतील व्हॉट्सॲप गटांतून फिरणारा हा मजकूर आपल्याकडे सहज पटतो, आणि त्याला कारणही आहे. भाताच्या पट्ट्यातील घरांत मांजर उंदरांसाठी पाळले जाते, लाडासाठी नव्हे. त्यामुळे ते उंदीर मारते की नाही एवढेच पाहिले जाते. तरीही यातील शेपूट, डोळे आणि डोके घासणे यांबद्दलचे एकेक विधान तपासले, तर पहिले उलट ठरते, दुसरे अर्धवट आणि तिसरे बहुतांशी चुकीचे.

शेपटीपासून सुरुवात करू. पिल्लू आईकडे येते तेव्हा शेपूट सरळ वर धरून येते, आणि मोठे झालेले पाळीव मांजर तीच खूण परिचित मांजरासाठी व माणसासाठी वापरते. इंग्लंडमधील साउथॅम्प्टन विद्यापीठात शार्लट कॅमरून-बोमाँट यांनी 1997 च्या प्रबंधासाठी मांजराच्या आकाराच्या छायाकृती कापून त्या पाळीव मांजरांना दाखवल्या. शेपूट उभी असलेल्या आकृतीकडे मांजरे अधिक लवकर गेली आणि जाताना त्यांनी स्वतःची शेपूटही उभारली. शेपूट खाली असलेल्या आकृतीला असा प्रतिसाद मिळाला नाही. ताठ्याच्या विधानाला खरा छेद देणारे निरीक्षण मात्र रोममधील मोकाट मांजरांच्या वस्तीतले आहे. सिमोना काफाझो आणि एउजेनिया नातोली यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शेपूट उभारण्याची खूण मुख्यतः खालच्या दर्जाची मांजरे वरच्या दर्जाच्या मांजरांना करताना दिसली. म्हणजे ज्याला आपण ताठा समजतो, तो ‘भांडायला आलेलो नाही’ असे आधीच सांगून टाकण्याचा प्रकार आहे.

इथे एक खबरदारी घ्यावी लागते, कारण उभी शेपूट प्रत्येक वेळी स्वागताची नसते. केस फुलून शेपूट जाडजूड झाली असेल आणि पाठीची कमान झाली असेल, तर मांजर घाबरलेले आहे. बोका भिंतीकडे पाठ करून शेपूट उभी धरतो आणि ती थरथरवतो, तेव्हा तो बहुधा मुताची चिळकांडी उडवण्याच्या बेतात असतो. स्वागताची शेपूट गुळगुळीत असते, टोकाशी किंचित वाकलेली असते, आणि मुख्य म्हणजे मांजर त्याच वेळी आपल्या दिशेने चालत येत असते.

डोळ्यांबद्दल थोडक्यात सांगता येईल. ‘मांजर डोळे मिटून दूध पिते’ ही म्हण ज्या लबाडीकडे बोट दाखवते, तिचा इथे संबंध नाही. 2020 मध्ये ससेक्स आणि पोर्टस्मथ विद्यापीठांतील संशोधकांनी मालकांना आपापल्या मांजरासमोर बसून सावकाश डोळे अर्धवट मिटायला व उघडायला सांगितले, तेव्हा मांजरांनीही तसेच डोळे मिटण्याचे प्रमाण वाढले. पुढच्या प्रयोगात अनोळखी व्यक्तीने आधी असे डोळे मिटून मग हात पुढे केला असता, निर्विकार चेहऱ्याने हात पुढे केल्यापेक्षा मांजरे त्या हाताजवळ अधिक वेळा आली. झोप हे कारण असते, तर मांजर अनोळखी हाताजवळ चालत आले नसते. मात्र डोळे मिटले म्हणजे मांजर निश्चिंतच आहे असेही धरू नये. त्याच संशोधकांपैकी काहींनी निवाऱ्यातील मांजरांचा अभ्यास केला, तेव्हा माणसांना बुजणारी मांजरेही बराच वेळ असे डोळे मिटताना दिसली, म्हणजे कधी कधी ही समोरच्याला शांत ठेवण्याचीही खूण असावी. एकच डोळा बारीक केलेला असेल, त्यातून पाणी येत असेल, तर तो दुखत आहे असे समजावे.

आता डोके घासण्याकडे वळू, कारण स्वार्थाचा आरोप मुख्यतः याच कृतीवर उभा आहे. खानापूरकडच्या एखाद्या घरी माणूस संध्याकाळी बेळगावहून परततो, तेव्हा काय घडते ते नीट पाहावे. सोप्याच्या कट्ट्यावरचे मांजर खाली उतरते, शेपूट वर जाते, मग ते जवळ येऊन आधी कपाळ, नंतर ओठाचा कोपरा व गाल पोटरीला घासते, त्यानंतर कूस, आणि शेवटी शेपटीचा विळखा घालून पुढे सरकते. कपाळ, गाल आणि हनुवटीच्या कातडीत गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात, आणि एका गटातील मांजरे एकमेकांना असेच घासतात. तिथे कोणी कोणाला दूध देत नसते. आता तोच माणूस फाटकाबाहेर शेजाऱ्याशी बोलत उभा राहिला, तर मांजर आतल्या बाजूने फाटकाच्या खांबालाच गाल घासू लागते.

खांबाला घासण्याच्या या सवयीने एकदा मानसशास्त्रज्ञांनाही चकवले होते. अमेरिकेत गथ्री आणि हॉर्टन यांनी मांजरांना एका पेटीत ठेवून, आतला दांडा हलला की दार उघडेल अशी सोय केली, आणि मांजरे पुन्हा पुन्हा एकाच ठरावीक पद्धतीने दांड्याला अंग घासून बाहेर पडतात असे 1946 मध्ये प्रसिद्ध केले. ही शिकलेली कृती आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. 1979 मध्ये ब्रूस मूर आणि सुझन स्टटर्ड यांनी अशीच मांडणी केली, पण त्यात दांड्याला घासून ना दार उघडत होते ना खाणे मिळत होते. समोर माणूस दिसत असताना मांजरे दांड्याला घासत राहिली. माणूस दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी ते केले नाही. मूळ प्रयोगात निरीक्षक मांजराच्या नजरेसमोरच बसलेले होते, आणि मांजर त्यांचे स्वागत करत होते. पायापर्यंत पोहोचता येत नसल्यामुळे ते दांड्यावर घडत होते, इतकेच.

खाण्याचा संबंध मुळीच नाही असे म्हणणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. जेवणाच्या वेळी हे घासणे वाढते, कारण स्वागत केल्यावर ताटली भरते हे मांजर चटकन शिकते. दोन्हींतला फरक पाहायचा असेल, तर घरातील दुसऱ्या कोणीतरी मांजराला पोटभर खाऊ घालावे आणि त्यानंतर आपण बाहेरून यावे. पोट भरलेले मांजर शेपूट उभारून आले, पायाला घासून गेले आणि स्वयंपाकघराकडे न वळता पुन्हा कट्ट्यावर जाऊन बसले, तर त्याला काय हवे होते हे वेगळे सांगावे लागत नाही. (दुधाचे म्हणाल, तर पुष्कळ मोठ्या मांजरांना ते पचतच नाही आणि जुलाब होतात.)

कुत्र्याशी केलेली तुलना इथे गैरलागू आहे, कारण कुत्र्याचे पूर्वज कळपाने राहणारे होते, तर मांजराचे पूर्वज एकटे शिकार करणारे. दोघांच्या स्वागताची रीत सारखी असण्याचे कारणच नाही.

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र त्यात जरूर घालावी. मांजर जर भिंतीला किंवा कोपऱ्याला डोके टेकवून, न घासता, दाबून धरून तसेच उभे राहत असेल, हाक मारली तरी हलत नसेल किंवा गोल गोल फिरत असेल, तर ते ना स्वागत आहे ना दुधाची मागणी. ते मेंदूच्या किंवा यकृताच्या आजाराचे लक्षण असू शकते, आणि अशा मांजराला त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे.