टोमॅटोच्या पानांच्या फोटोंवरून दिलेल्या सल्ल्याबद्दल

"टोमॅटोच्या पानांचे फोटो पाठवले, तर मॅग्नेशियम कमी आहे म्हणाले. दोन फवारण्या झाल्या, पिवळी पानं हिरवी झाली नाहीत. उलट कडा करपल्या आणि आता फळांच्या बुडाला काळे डाग पडलेत. कडा करपल्या म्हणजे पोटॅश कमी, हे कुणीही सांगेल. फोटो बघून अंदाजपंचे सल्ला देतात. एक स्टार."

नमस्कार. आपले सगळे फोटो काल पुन्हा मोठे करून पाहिले. आमचं निदान आजही मॅग्नेशियमचंच आहे आणि त्याचं कारण आपल्याच फोटोत आहे.

खालच्या फांदीचं एक पान आपण उजेडाकडे धरून फोटो काढला आहे, तो बघा. मधली शीर आणि तिला फुटलेल्या बारीक शिरा हिरव्या आहेत, शिरांमधली जागा पिवळी आहे आणि पानाच्या अगदी काठाला हिरवी किनार अजून शाबूत आहे. पोटॅशची कमतरता अशी दिसत नाही. ती टोकापासून आणि काठापासून सुरू होते. आधी काठ पिवळा पडतो, मग तपकिरी होऊन कागदासारखा कडक होतो, आणि पानाचा मधला भाग बराच काळ हिरवा राहतो. आपण ज्याला करपलेली कड म्हणता, ती त्याच फांदीवरच्या दुसऱ्या पानाची आहे. तिथला तपकिरी डाग शिरांमध्ये रुंद आहे आणि काठाकडे निमुळता होत गेला आहे. म्हणजे करपणं आतून बाहेर गेलं, बाहेरून आत आलं नाही. नुसता शेवट पाहिला तर दोन्ही पानं सारखीच वाटतात, म्हणून आम्ही नेहमी अर्धवट पिवळं झालेलं पान मागतो. पूर्ण वाळलेल्या पानावरून हा फरक आम्हालाही सांगता येणार नाही.

पोटॅश आणि मॅग्नेशियम ही दोन्ही झाडात सहज हलतात. कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून शेंड्याला आणि फळांना देतं, त्यामुळे दोन्हींची लक्षणं खालीच दिसतात. शिरांमधला असाच पिवळेपणा शेंड्याच्या कोवळ्या पानांवर असता, तर आम्ही लोहाचा विचार केला असता. आपल्या फोटोंत शेंडा स्वच्छ हिरवा आहे.

आता फवारणीचं. एक लिटर पाण्याला १० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट हे प्रमाण आपण बरोबर घेतलंत. पण करपलेला भाग मेलेला असतो, तो कशानेही हिरवा होत नाही. जुनं पिवळं पान थोडंफार सुधारतं, पूर्ण नाही. फरक पाहायचा तो वर. आज जे सर्वांत वरचं पिवळं पान आहे, त्याच्या देठाला सुतळी बांधून ठेवा. दहा-बारा दिवसांनी त्याच्या वरच्या पानांत पिवळेपणा चढला नसेल, तर फवारणी लागू पडली. चढला असेल, तर आम्हाला तोच फोटो पाठवा.

आणि ही कमतरता आली कुठून, ते आपल्या माहितीच्या कागदात आहे: फळं धरल्यापासून प्रत्येक पाण्यासोबत पोटॅशचं विद्राव्य खत चालू आहे. मुळाशी पोटॅश जास्त झालं की मॅग्नेशियम आणि कॅल्शियम, दोन्हींचं शोषण मंदावतं. जमिनीत ती असूनही झाडाला मिळत नाहीत. अशात कडा करपल्या म्हणून आणखी पोटॅश घातलं, तर पिवळेपणा वाढेल. याची मला खरी काळजी वाटते, म्हणूनच इतकं लिहितोय.

फळाच्या बुडाचे काळे डाग कॅल्शियमचे आहेत, पण पानांवर त्याची खूण शोधू नका. कॅल्शियम मुळातून पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर चढतं आणि जिथे पोचतं तिथेच राहतं, जुन्या पानातून परत निघत नाही. पानं भरपूर बाष्प सोडतात म्हणून बहुतेक वाटा त्यांच्याकडे जातो, फळाच्या वाट्याला थोडाच येतो. फारच तुटवडा असेल तर शेंड्याची कोवळी पानं वाकडी होतात आणि त्यांचे काठ जळतात. आपल्याकडे तसं नाही. आपण लिहिलं आहे की मध्ये पाणी चार-पाच दिवस बंद होतं आणि नंतर एकदम भरपूर दिलं. नेमकी तेव्हा वाढीला लागलेली फळंच डागाळली आहेत. पाणी थोडं थोडं आणि नियमित द्या. आधी डागाळलेली फळं सुधारणार नाहीत, ती काढून टाका. कॅल्शियमची फवारणी करायची तर लहान फळांवर पडेल अशी करा, पानावर पडलेलं कॅल्शियम तिथून फळात जात नाही.

तूर्त पोटॅश थांबवा आणि खत देण्याआधी पानांचं परीक्षण करून घ्या. फोटोवरून कशाची कमतरता आहे ते कळतं, किती आहे ते कळत नाही. नमुन्याला नुकतीच पूर्ण वाढलेली पानं घ्या, खालची पिवळी नकोत, आणि मॅग्नेशियम फवारलेली असतील तर तसं प्रयोगशाळेला आधीच सांगा, नाहीतर आकडा फसवा येतो.