तीस पौंड आणि एक पाट

लग्नात भेटलेल्या प्रत्येक मावशीला माझं कॅफेतलं कॉफी करण्याचं काम ऐकून एकच गोष्ट आठवते. "म्हणजे तू ते कॉफीवर पान काढतेस ना? किती छान!" मी हसून मान डोलावते. त्याच वेळी पुढ्यातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण माझ्याने उघडत नसतं, आणि ते उघडायला मी त्याच मावशीची मदत मागते. मावशी सत्तरीच्या पुढच्या. झाकण एका झटक्यात उघडतात आणि वर विचारतात, "जेवतेस ना गं नीट?"

दुधावर पान काढणं हा माझ्या कामातला सगळ्यात हलका भाग. त्याआधी ग्राइंडरमधून अठरा ग्रॅम पूड पोर्टाफिल्टरच्या, म्हणजे दांड्याच्या गाळणीच्या, बास्केटमध्ये घ्यायची, टॅम्पर नावाच्या मूठवाल्या ठोकळ्याने दाबायची, अर्धा किलोच्या वर वजनाचा तो पोर्टाफिल्टर एस्प्रेसो मशीनच्या ग्रुप हेडमध्ये, म्हणजे गरम पाणी सोडणाऱ्या तोंडात, पिळून बसवायचा, शॉट, म्हणजे घोटभर कडक कॉफी, कपात पडला की उलटा पिळून काढायचा आणि चोथा नॉक बॉक्सच्या दांडीवर आपटून टाकायचा. पुण्यातल्या रविवारच्या सकाळी, टेकडीवरून उतरलेली सगळी जनता कॅपुचिनोच्या रांगेत उभी असताना, हे दोनशेच्या आसपास वेळा होतं. त्यातली प्रत्येक हालचाल उजव्या मनगटाच्याच वाट्याला येते. डावा हात तेव्हा फडकं घेऊन उभा असतो, लग्नातल्या दूरच्या काकांसारखा.

अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तेव्हा आईने आधी तेल लावलं, मग ओवा शेकला, मग मोबाइलला दोष दिला. शेवटी फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेले. त्यांनी अंगठा मुठीत घ्यायला लावला आणि मूठ करंगळीच्या दिशेने हळूच खाली झुकवायला सांगितली. मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेर बसलेले गुडघेवाले आजोबा उठून निघाले. ताई म्हणाल्या, "डी क्वेर्वेन." अंगठा उचलणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात, त्या तिथे घासून सुजतात. हा त्रास लहान बाळांना सतत उचलणाऱ्या आयांना फार होतो, असंही त्यांनी सांगितलं. आईच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरती आशा उमटून गेली. बोटांना मुंग्या येतात का, रात्री हात बधिर होऊन जाग येते का, हेही त्यांनी खोदून विचारलं. तसं असेल तर दुखणं दोरीचं नाही, नसेचं, आणि मग डॉक्टरांना दाखवायला उशीर करायचा नाही. माझ्या बाबतीत तसं नव्हतं. माझ्या बाबतीत कॉफी होती.

"दाबतेस कशी ते दाखव," ताई म्हणाल्या. मी त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट मुठीत आवळला, मनगट मागे मोडलं, खांदा कानाला लावला आणि दाबला. ताईंनी काही न बोलता माझ्या हातातून पेपरवेट काढून घेतला.

आता तीस पौंडांबद्दल बोलायलाच हवं. आमच्या ट्रेनिंगमध्ये पहिल्या दिवशी बाथरूममधला वजनकाटा काउंटरवर ठेवतात आणि टॅम्परने तो दाबून काटा तीस पौंडांवर, म्हणजे साडेतेरा किलोंच्या आसपास आणायला सांगतात. नवशिके जीव खाऊन दाबतात. कोणी चाळीसवर नेला की बाकीचे टाळ्या वाजवतात. यातली गंमत अशी की एस्प्रेसो मशीन पाणी सोडतं साधारण नऊ बारच्या दाबाने. बास्केट अठ्ठावन्न मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे पूर्ण दाब बसला की कॉफीच्या त्या चकतीवर सगळा मिळून दोनशे चाळीस किलोंच्या घरात भार पडतो. त्यापुढे माझे साडेतेरा आहेत की वीस, याने कपात नाव घेण्याजोगा फरक पडत नाही. पुडीच्या कणांमधली हवा निघून ती घट्ट बसली, हाताखाली आणखी दबेनाशी झाली, की दाबण्याचं काम संपलं. पृष्ठभाग मात्र सपाट हवा. तो एका बाजूला कलला तर पाणी उथळ बाजूने वाट काढतं आणि शॉट एकाच वेळी आंबट आणि कडू लागतो. थोडक्यात, कॉफीला हवी असते समपातळी, आणि आम्ही देत होतो पैलवानकी.

ताईंनी सांगितलेली पद्धत ऐकायला सोपी होती. टॅम्परची मूठ तळहाताच्या खोबणीत बसवायची, अंगठा आणि तर्जनी टॅम्परच्या धातूच्या कडेवर टेकवायची. पातळी त्या दोन बोटांना कळते, जोर त्यांनी लावायचा नसतो. काउंटरच्या कडेशी थोडं तिरकं उभं राहायचं, कोपर टॅम्परच्या बरोबर वर आणायचं, मनगट आणि कोपरापासूनचा हात एका सरळ रेषेत ठेवायचा आणि अंगाचं वजन खांद्यातून खाली सोडायचं. शेवटी टॅम्पर गोल फिरवून चकाकी आणायची सवय सोडायची, कारण त्याने कॉफीचं काही भलं होत नाही आणि अंगठ्याचं होतं ते वाईटच.

दुसऱ्या दिवशी मी हे करायला गेले आणि कोपर टॅम्परच्या वर येईचना. काहीही केलं तरी ते बाजूला पंखासारखं उभं राहायचं. सहकाऱ्याने बाजूने व्हिडिओ काढला. त्यात मी कॉफी दाबत नव्हते, काउंटरवर चढण्याचा प्रयत्न करत होते.

मग मोजपट्टी निघाली. आमचा काउंटर छत्तीस इंच उंच. त्यावर रबरी मॅट, मॅटवर पोर्टाफिल्टर, त्यात टॅम्पर. टॅम्परच्या मुठीवर हात ठेवला की तो जमिनीपासून एक्केचाळीस इंचांवर. माझी उंची पाच फूट एक इंच, आणि सरळ उभं राहून हात काटकोनात वाकवला की कोपर अडतीस इंचांवर. म्हणजे ज्या हाताने खाली जोर लावायचा, तो कोपरापेक्षा तीन इंच वर! जोराच्या कामात हात कोपराच्या खाली असावा, ही साधी गोष्ट. तो वर गेला की अंगाचं वजन वापरताच येत नाही, मग खांदा वर चढतो, मनगट मोडतं, आणि दोघं मिळून वजनाची भरपाई करत बसतात. संध्याकाळपर्यंत मानेपासून खांद्यापर्यंत एक कडक पट्टा तयार होतो. मी तो बरीच वर्षं पुण्याच्या ट्रॅफिकच्या नावावर खपवत होते.

काउंटर कोणाच्या मापाने केला होता ते शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मालक सहा फुटांचे. त्यांचं कोपर पंचेचाळीस इंचांवर, हात एक्केचाळीसवर, चार इंच खाली. आदर्श! सुतार आला त्या दिवशी मालक समोर उभे होते, त्यांनी हात टेकवून पाहिला, "मस्त" म्हणाले, आणि त्यानंतर त्या काउंटरवर त्यांनी स्वतः एकही कॉफी दाबल्याचं कोणी पाहिलेलं नाही.

काउंटर कापणं शक्य नव्हतं, म्हणून मी उंच व्हायचं ठरलं. सहा इंचांचा लाकडी पाट केला. त्यावर उभी राहिले की टॅम्परवरचा माझा हात कोपराच्या तीन इंच खाली, कोपर निमूटपणे वर, मनगट सरळ. पहिल्याच शिफ्टला फरक कळला. पाटाचे दोष दुसऱ्या शिफ्टला कळले. एक म्हणजे काउंटरखालच्या दुधाच्या फ्रिजचं दार पाटाला अडून उघडेना. दुसरं म्हणजे हातात दोन फ्लॅट व्हाइट घेऊन वळलेल्या सहकाऱ्याला पाट दिसला नाही. मग पाट ग्राइंडरपुढेच राहील एवढा आखूड केला, त्याला खालून रबर आणि कडेला पिवळी पट्टी लावली, आणि माझी शिफ्ट संपली की तो उभा करून ठेवायचा नियम झाला. मालक अजूनही त्याला "तुमचं स्टेज" म्हणतात.

पाटामुळे टॅम्पिंग सुटलं, पिळणं राहिलं. पोर्टाफिल्टर बसवायला एवढा जोर का लागतो, याचं उत्तर माझ्या हातात नव्हतं, ग्रुप हेडमध्ये होतं. तिथली रबराची गॅस्केट रोजच्या उष्णतेने टणक झाली होती आणि तिच्या खाचेत जुनी पूड साचून सिमेंट झाली होती. मऊ गॅस्केट थोड्या पिळात पाणी अडवते. टणक झालेली पाझरते, म्हणून आपण आणखी पिळतो, म्हणून ती आणखी चेपते. हँडल पूर्वी सरळ आपल्याकडे तोंड करून थांबायचं, ते आता त्याच्या पुढे उजवीकडे जातंय असं दिसलं की गॅस्केट बदलायची वेळ झाली. बदलली. मालकांनी बिल पाहून विचारलं, "एवढ्याशा रबराला?" मी त्यांना झाकणबंद बाटली दिली आणि उघडून माझ्याकडे परत द्यायला सांगितली.

दूध तापवताना खांद्याची वाट लागते ती अंतरामुळे. मी ग्रुप हेडसमोर उभी, वाफेची नळी, म्हणजे स्टीम वॉण्ड, मशीनच्या डाव्या टोकाला, आणि दुधाचा लिटरचा पिचर लांबवलेल्या हाताने हवेत धरलेला. उपाय म्हणजे एक पाऊल डावीकडे सरकणं. इतका फुकटचा उपाय असल्यामुळेच बहुधा कोणाला सुचला नसावा. वॉण्ड स्वतःकडे ओढून घ्यायची, कोपर बरगडीला टेकवायचं, दुसरा हात पिचरच्या पोटाला लावायचा. त्याच हाताला दुधाचं तापमानही कळतं, साठ-पासष्ट अंशांच्या आसपास तो टेकवत नाही. दोन कपांपुरतं दूध असेल तर सहाशे मिलीचा पिचर घ्यायचा. आणि वॉण्डच्या टोकाची भोकं बघायची. वाळलेल्या दुधाने त्यातलं एखादं बुजलं की वाफ मंदावते आणि दूध तापायला जास्त वेळ लागतो, म्हणजे तेवढाच वेळ खांदाही टांगलेला राहतो.

पाठीची कथा छोटी आहे. अर्ध्या लिटरच्या चोवीस पिशव्यांचा क्रेट बारा किलोंच्या वर जातो, आणि आमच्याकडे तो फ्रिजच्या सगळ्यात खालच्या खणात ठेवायची प्रथा होती, कारण वरच्या खणात मालकांचे आंबे असायचे. आता आंबे खाली आहेत. उभं राहण्यासाठी काउंटरखाली वीतभर उंचीची एक वीट ठेवली आहे, तिच्यावर आलटूनपालटून एक पाय टेकवला की कंबर कमी भरते. विठोबासारखे दोन्ही पाय मात्र तिच्यावर ठेवायचे नाहीत.

एवढं सगळं जमल्यावर मालकांनी मोठ्या मनाने ऑटोमॅटिक टॅम्पर आणला. पोर्टाफिल्टर आत सरकवायचा, यंत्र स्वतः दाबतं, दर वेळी सारखं आणि सपाट. मनगटाचं खरोखरच कल्याण झालं. फक्त ग्राइंडरशेजारी प्लगला जागा नव्हती, म्हणून तो पाठीमागच्या फळीवर बसवला आहे. त्यामुळे आता प्रत्येक कॉफीला हातात भरलेला पोर्टाफिल्टर घेऊन कमरेतून मागे वळायचं, आणि दाबून झाला की परत पुढे. मी एक्स्टेन्शन बोर्ड मागितला आहे. मालक म्हणाले, इलेक्ट्रिशियनला सांगितलंय, तो आला की बघू. तोपर्यंत ताईंनी मला पुढच्या मंगळवारची वेळ दिली आहे, कमरेसाठी.