नवापेक्षा धाकटा दहा

रविवारी दुपारी दीड वाजता फोन वाजला. ही वेळ फोन करायची नव्हे हे पुण्यात शेंबड्या पोरालाही कळतं, त्यामुळे पलीकडे आमच्या वरच्या मजल्यावरचे काका आहेत म्हटल्यावर मी उठून बसलो.

"पावतीतली चूक दुरुस्त केली म्हणालात. ॲप म्हणतंय, तुमची आवृत्ती सर्वात नवी. आणि खाली लिहिलंय 2.9."

सोसायटीच्या मेंटेनन्सचं ते ॲप मीच लिहिलेलं. शुक्रवारी 2.10 सोडून मी निवांत झोपलो होतो. लॅपटॉप उघडला:

```
>>> "2.10" > "2.9"
False
```

आकडे मी अक्षरांसारखे ठेवले होते, आणि अक्षरांची तुलना शब्दकोशासारखी डावीकडून एकेक होते. 2 ला 2, टिंबाला टिंब, मग 1 समोर 9. इथेच निकाल लागला. 1 च्या मागे उभ्या असलेल्या शून्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

काका निवृत्त गणित शिक्षक. म्हणाले, "बरोबरच आहे. 2.10 म्हणजे 2.1. ती 2.9 पेक्षा लहानच. ॲप हुशार आहे, तुम्हीच चुकलात."

दशांश अपूर्णांक करून तुलना करायचा मोह मलाही झालाच होता. तसं केलं तर 2.10 आणि 2.1 एकच ठरतात, म्हणजे दुखणं तेच.

"काका, उदाहरणसंग्रह 2.9 नंतर कोणता घ्यायचात?"

"2.10."

"तेच हे टिंब."

क्षणभर शांतता. पुण्यात याला कबुली म्हणतात.

दुरुस्ती दोन ओळींची: टिंबावर तोडा, प्रत्येक तुकड्याची संख्या करा, मग तुलना.

```
def key(v):
    return tuple(int(x) for x in v.split("."))
```

आता (2, 10) हे (2, 9) च्या पुढे. मात्र चाचणीसाठी 2.10-rc1 दिली तर `int` तिथेच हात वर करतं, आणि 2.10 व 2.10.0 या जुळ्या बहिणी वेगळ्या ठरतात. त्यासाठी `packaging` मधलं `Version` वापरलं. तयार चकली मिळत असताना सोऱ्या कोण काढतो?

खरी गोची पुढे होती. तुलना होत होती काकांच्या फोनमध्ये, जुन्या 2.9 च्या डोक्याने. दुरुस्ती 2.11 मध्ये घातली तरी 2.9 तिलाही धाकटीच समजणार. औषध कपाटात आणि किल्लीही आतच!

सुटका एकच: जुन्या आंधळ्या तुलनेलाही मोठा दिसेल असा आकडा. मी तीच आवृत्ती 3.0 म्हणून सोडली. 3 समोर 2. शब्दकोशाचंही काही म्हणणं नाही.

संध्याकाळी काका जिन्यात भेटले. "आलं बुवा 3.0. नवीन काय आहे त्यात?"

"काही नाही. 2.10 च आहे."

"म्हणजे दहावीत अडकलेल्या पोराला थेट अकरावीत बसवलंत," असं म्हणून ते भाजी आणायला गेले.