पट्टी सरकवून हरवलेला आवाज परत येत नाही

"एका कानाने ऐकू येत नाही? घाबरू नका! १) फोनमधली बॅलन्सची पट्टी चांगल्या कानाकडे पूर्ण सरकवा आणि आवाज दुप्पट करा, एक कान दोन कानांचे काम करेल. २) मोनो ऑडिओ हा नुसता देखावा आहे, कॉलवर लावून पाहा, काडीचा फरक पडत नाही. ३) लाइव्ह कॅप्शन ठार बहिऱ्यांसाठी असते, तुम्हाला त्याची गरज नाही. ४) HAC लिहिलेला फोन घ्या, बंद कानालाही ऐकू येईल. गरजूंपर्यंत पोहोचवा."

फोंड्याला राहणारी माझी मावशी लहानपणी गालगुंड झाले तेव्हापासून डाव्या कानाने पूर्ण बहिरी आहे. उजवा कान उत्तम आहे. हा निरोप तिला भजनी मंडळाच्या गटातून आला आणि तिने तो इमानेइतबारे पाळला, म्हणून हे लिहिणे भाग पडले. लिहिणाऱ्याने स्वतःचा एक कान झाकून कधी इअरफोन लावून पाहिला असता, तर पहिलाच मुद्दा त्याच्या हातून लिहिला गेला नसता.

त्या मुद्द्यापाशी थोडे थांबायला हवे, कारण तो चुकीचा आहे एवढेच नव्हे, तर घातकही आहे. स्टिरिओ ध्वनिमुद्रणात दोन स्वतंत्र चॅनेल असतात, एक डाव्या कानासाठी आणि एक उजव्यासाठी. बॅलन्सची पट्टी उजवीकडे पूर्ण सरकवली, की डावा चॅनेल बंद होतो. त्यातला आवाज उजवीकडे येत नाही. मोनो ऑडिओ मात्र दोन्ही चॅनेल आधी एकत्र मिसळतो आणि तेच मिश्रण दोन्ही कानांना देतो. मावशी एक मुलाखत ऐकत होती. मुद्रण करणाऱ्याने प्रश्न विचारणाऱ्याचा माईक डाव्या चॅनेलमध्ये आणि पाहुण्याचा उजव्यात ठेवला होता. पट्टी उजवीकडे असल्यामुळे तिला उत्तरे स्वच्छ ऐकू येत होती. प्रश्नांच्या जागी मात्र शांतता होती, फार तर पाहुण्याच्या माईकमध्ये शिरलेली अस्पष्ट कुजबुज. मुद्रणच खराब आहे असे समजून तिने निरोपातला उरलेला सल्ला अमलात आणला आणि आवाज वाढवला. प्रश्न तरीही आले नाहीत, कारण ते हळू वाजत नव्हते, त्या कानापर्यंत पोहोचतच नव्हते. उत्तरे मात्र कानठळ्या बसतील इतकी मोठी झाली. सुरुवातीच्या काळातल्या कित्येक स्टिरिओ गाण्यांतही गायकाचा आवाज एका बाजूला आणि साथ दुसऱ्या बाजूला ठेवलेली असते, तिथेही नेमके हेच घडते.

आता आवाज दुप्पट करण्याविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुरक्षित मानलेली मर्यादा अशी आहे : ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास, ९० डेसिबलचा ४ तास, आणि १०० डेसिबलचा जेमतेम २० मिनिटे. म्हणजे पट्टीवरच्या काही खुणा वर गेले, की आठवडाभराचा वाटा एका दुपारीत संपतो. दोन कान असलेल्या माणसालाही हे लागू आहे, पण ज्याच्याकडे एकच कान उरला आहे त्याने तोच पणाला लावावा, असे सांगणाऱ्याला काय म्हणावे? रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या इंजिनाशेजारी उभे राहून इअरफोन ऐकणारा माणूस इंजिनावर मात करण्यासाठी आवाज किती चढवतो, हे त्याचे त्यालाही कळत नाही. आयफोनमध्ये Sounds & Haptics मधल्या Headphone Safety खाली मोठ्या आवाजाला कमाल मर्यादा घालता येते; मावशीसारख्यांनी ती ८० डेसिबलवर ठेवावी.

दुसऱ्या मुद्द्यातले निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष तेवढा खोटा. साधा फोनकॉल मुळातच एका चॅनेलचा असतो, त्यामुळे तिथे मोनो लावून फरक पडण्याचे कारणच नाही. परीक्षा घ्यायचीच असेल, तर डावी-उजवी बाजू तपासण्यासाठी केलेला एखादा व्हिडिओ लावावा, ज्यात एक आवाज फक्त डावीकडून "लेफ्ट" आणि मग फक्त उजवीकडून "राइट" असे म्हणतो. बॅलन्स मध्यावर ठेवून, चांगल्या कानात तेवढा इअरफोन लावून ऐकावे. दोन्ही शब्द ऐकू आले तर मोनो चालू आहे. एकच आला तर नाही. आयफोनमध्ये हा पर्याय Settings, Accessibility, Audio & Visual या वाटेने Mono Audio या नावाने सापडतो; सॅमसंगच्या फोनमध्ये Accessibility खालच्या Hearing enhancements मध्ये, तर इतर अँड्रॉइड फोनांत Accessibility मध्येच जवळपास कुठेतरी. काही बिनतारी इअरबड्सपैकी एकच कानात घातला, तर ते आपण होऊन दोन्ही चॅनेल मिसळतात, त्यामुळे कुणाला काही न करताही सगळे ऐकू आले असेल, तर मी ते नाकारत नाही. वायरच्या इअरफोनला मात्र ही सोय नसते.

मोनोच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. आवाज कोणत्या दिशेने आला, हे त्याने कळत नाही; ती जाणीव दोन कानांच्या तुलनेतून येते आणि एका कानाला ती कोणतेही सेटिंग देऊ शकत नाही. क्वचित एखाद्या मुद्रणात दोन चॅनेल परस्परविरुद्ध लाटांचे असतात आणि मिसळल्यावर ते एकमेकांना खोडतात, गायकाचा आवाज पोकळ होतो किंवा गायबच होतो. तसे वाटले, तर तेवढ्यापुरते मोनो बंद करावे.

कॅप्शनविषयी थोडक्यात. एका कानाने ऐकणाऱ्याला शांत खोलीत फारशी अडचण येत नाही. गोंगाटात येते, कारण नको असलेल्या आवाजातून हवा तो वेगळा काढायला मेंदूला दोन कान लागतात. चौघे एकदम बोलतात अशा व्हिडिओत म्हणूनच मावशीला अक्षरांचा आधार लागतो. मात्र अँड्रॉइडमधले Live Caption हे फोनमध्ये वाजणाऱ्या आवाजाचे शब्द दाखवते. समोर बसलेल्या माणसाचे बोलणे वाचायचे असेल, तर Live Transcribe हे वेगळे ॲप लागते. त्यात मराठी आहे. जेवणाच्या टेबलावर बंद कानाच्या बाजूला बसलेल्या माणसापुढे फोन ठेवला, तर त्याचे शब्द बऱ्यापैकी उमटतात. आपण गोव्यात बोलतो तसे अर्धे वाक्य मराठी आणि अर्धे कोंकणी झाले, की मात्र पडद्यावर वाटेल ते उमटते.

शेवटच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. HAC हे फोन आणि श्रवणयंत्र यांच्यातल्या जुळणीचे अमेरिकी मानांकन आहे, कानाचा उपचार नव्हे. फोनच्या माहितीत M3 किंवा M4 दिसले, तर यंत्राच्या माईकमध्ये फोनची खरखर कमी येईल. T3 किंवा T4 दिसले, तर यंत्रातल्या टेलिकॉइलशी, म्हणजे फोनचा आवाज माईकऐवजी चुंबकीय क्षेत्रातून पकडणाऱ्या तारेच्या वेटोळ्याशी, फोन नीट जुळेल. ते टेलिकॉइल यंत्रात असले पाहिजे आणि ऑडिओलॉजिस्टने ते चालू करून दिलेले असले पाहिजे. मावशीच्या डाव्या कानाला साध्या श्रवणयंत्राचाच उपयोग नाही, मग फोनच्या मानांकनाचा कुठून होणार? तिच्यासारख्यांसाठी क्रॉस नावाची वेगळी यंत्रजोडी असते : बंद कानावरचा माईक त्या बाजूचा आवाज पकडून चांगल्या कानावरच्या यंत्राला बिनतारी पाठवतो. ती घेणार असाल तर फोन दुकानात निवडू नका, आधी ऑडिओलॉजिस्टकडे न्या आणि त्या यंत्रात त्याचा आवाज थेट येतो का, हे तिथेच ऐकून पाहा.