नीतिशास्त्राच्या क्विझची उत्तरसूची तपासताना

"नीतिशास्त्राचे सगळे मोठे सिद्धांत पाच मिनिटांत! प्र. १: सुटलेल्या ट्रामचा खटका ओढून एकाच्या जिवावर पाच जणांना वाचवणारा कोण? उत्तर: उपयुक्ततावादी, न ओढणारा कांटवादी. प्र. २: उपयुक्ततावाद म्हणजे? उत्तर: ज्यात जास्त लोक सुखी, ते योग्य. प्र. ३: ॲरिस्टॉटलचा सद्गुण म्हणजे? उत्तर: दोन टोकांच्या बरोबर मधलं वागणं. प्र. ४: कांटचा निरपेक्ष आदेश म्हणजे? उत्तर: लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसं आपण लोकांशी वागावं. एवढं पाठ करा, परीक्षेत कुठेही अडणार नाही."

चौथ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथली चूक सगळ्यात खोल आहे आणि ती खुद्द कांटनेच आधी खोडून ठेवली आहे. १७८५ साली आलेल्या त्याच्या नीतिशास्त्रावरच्या छोट्या पुस्तकात एक तळटीप आहे. 'जे स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नये' या जुन्या वचनाला माझं तत्त्व समजू नका, असा तिचा आशय. कारणंही दिली आहेत. स्वतःबद्दलची कर्तव्यं या वचनातून निघत नाहीत. दुसऱ्याला मदत करण्याचं कर्तव्यही निघत नाही, कारण 'मला कुणाची मदत नको आणि मीही कुणाला करणार नाही' असा सौदा पुष्कळ लोक आनंदाने करतील. शिवाय गुन्हेगार न्यायाधीशाला विचारू शकेल, 'माझ्या जागी तुम्ही असतात, तर तुम्हाला शिक्षा आवडली असती का?'

कांटचा प्रश्न आवडीनिवडीचा नाहीच. ज्या नियमाने मी वागतोय तो नियम सगळ्यांचा झाला, तर तो उभा तरी राहील का, असं तो विचारतो. त्याचंच उदाहरण घेऊ. मला पैशांची नड आहे, फेडता येणार नाहीत हे मला पक्कं माहीत आहे, तरी 'नक्की फेडीन' असं वचन देऊन मी उसने घेतो. माझा नियम असा झाला: नड असली की खोटं वचन देऊन पैसे घ्यायचे. आता नड असलेला प्रत्येक जण असंच करतो असं धरा. मग 'फेडीन' या शब्दावर कुणी विश्वासच ठेवणार नाही, ऐकणारा हसेल. म्हणजे ज्या वचनाच्या जोरावर मी पैसे मिळवणार होतो, ते वचनच माझ्या नियमाने निकामी केलं. दोष इथे आहे, नियमाच्या पोटातल्या विसंगतीत. बऱ्याच क्विझमध्ये इथे 'समाजाचं नुकसान होईल म्हणून' असं स्पष्टीकरण छापलेलं असतं. ते परिणामांचं गणित आहे, कांटचं नव्हे.

दोन्हींतला फरक ओळखायला एक सोपी कसोटी आहे. स्वतः फसलो तरी ज्याला काही वाटत नाही, असा माणूस डोळ्यांसमोर आणा. क्विझमधल्या उत्तराप्रमाणे त्याला इतरांना फसवायची मोकळीक मिळते. कांटच्या परीक्षेत मात्र त्याच्या वाटण्या-न वाटण्याने निकाल तसूभरही हलत नाही.

तिसरा प्रश्न. 'बरोबर मधलं' हे ॲरिस्टॉटलच्या माथी मारणारे फार आहेत, आणि गंमत म्हणजे त्याने हाच गैरसमज उदाहरण देऊन दूर केला होता. 'निकोमाखियन एथिक्स'च्या दुसऱ्या भागात तो म्हणतो: मिना हे तेव्हाचं ग्रीक वजन; दहा मिना अन्न एखाद्याला जास्त आणि दोन मिना कमी होत असेल, म्हणून तालीम देणारा सहा मिना ठरवून मोकळा होत नाही. मायलो या नामांकित मल्लाला सहा मिना कमी पडतील, नुकत्याच तालमीत आलेल्याला जास्त होतील. मध्य गणिताचा नसून त्या माणसाच्या आणि प्रसंगाच्या मानाने असतो. रागाचं तसंच आहे. योग्य माणसावर, योग्य कारणासाठी, योग्य वेळी आणि योग्य तेवढा राग. कधी तो बराच जास्तही असेल. थोडा थोडा राग सगळ्यांवर, असा हा सल्ला नाही. पुढे तो हेही सांगतो की मत्सर, चोरी, व्यभिचार, खून यांना मध्य असतच नाही. क्विझच्या व्याख्येने गेलं तर 'बेताची चोरी' सद्गुणात जमा होईल!

दुसऱ्या प्रश्नावर फार वेळ घालवायला नको. उपयुक्ततावाद डोकी मोजत नाही, सुखदुःखाची बेरीज करतो. शंभर लोकांपैकी साठ जणांचं सुख एकेका मापाने वाढलं आणि चाळीस जणांचं पाच-पाच मापांनी घटलं, तर जमा साठ, वजा दोनशे. बहुमत खूश, तरी हा पर्याय उपयुक्ततावादी फेटाळेल. 'जास्तीत जास्त लोकांचं' हे शब्द उपयुक्ततावाद मांडणाऱ्या बेंथमने १७७६ साली वापरले होते हे खरं, पण बहुमताने अल्पमताला भरडायला त्यांचा आधार मिळतो हे ओळखून पुढे त्यानेच ते गाळले.

आता पहिला, सगळ्यांचा लाडका प्रश्न. प्रसंग असा: ताबा सुटलेली ट्राम रुळावरच्या पाच जणांवर धावतेय; ती वळवली तर ते वाचतील, पण दुसऱ्या रुळावरचा एक जण मरेल. ही ट्राम तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ च्या एका लेखात आणली. त्या उपयुक्ततावादी नव्हत्या, तरी चालकाने ट्राम एकाच्या रुळावर वळवावी असं त्यांचं मत होतं. शेजारीच त्यांनी दुसरा प्रसंग ठेवला: जमावाने पाच ओलीस धरलेत, एका निरपराधाला खोटं गुन्हेगार ठरवून फाशी दिलं तर ते सुटतील; न्यायाधीशाने तसं करावं का? नाही. आकडे दोन्हीकडे तेच, मग उत्तर का बदललं? चालकाच्या दोन्ही बाजूंना 'इजा करू नये' हेच कर्तव्य आहे, म्हणून कमी इजा निवडायची. न्यायाधीशापुढे एकीकडे 'इजा करू नये' आणि दुसरीकडे 'मदत करावी' आहे, आणि पहिलं अधिक भारी. म्हणजे खटका ओढायला बेरजेचा सिद्धांत लागतोच असं नाही.

चालकाऐवजी खटक्यापाशी उभा असलेला तिऱ्हाईत तत्त्वज्ञ जूडिथ जार्विस थॉमसन यांनी १९८५ मध्ये आणला. तेव्हा त्यांना खटका ओढणं चालेल असं वाटत होतं, २००८ मध्ये त्यांनी मत फिरवलं. एकाच विचारवंताची दोन उत्तरं. क्विझने त्यांना कुठल्या खणात टाकायचं?

कांटवाद्याने खटका ओढू नये, हेही सरळ निघत नाही. माणसाला निव्वळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटचं दुसरं सूत्र. दुसऱ्या रुळावरचा तो एकटा माणूस तिथे नसताच, तरी पाच जण वाचलेच असते. म्हणजे त्याचा वापर होत नाही. याउलट पुलावरून धडधाकट माणसाला ढकलून ट्राम अडवायची असेल, तर तो नसता तर बेतच फसला असता. म्हणून एखादा कांटवादी पहिल्याला परवानगी देऊन दुसऱ्याला नाकारू शकतो.

या प्रश्नाचं बहुपर्यायी रूप टिकवायचंच असेल, तर मी असं लिहीन. 'खटका ओढणं मान्य, पण पुलावरून ढकलणं अमान्य, यासाठी पुढीलपैकी कोणतं कारण पुरेसं ठरत नाही? अ) ढकललेला माणूस साधन म्हणून वापरला जातो. ब) वाचणाऱ्यांची संख्या मरणाऱ्यापेक्षा जास्त आहे. क) एकात मृत्यू हा केवळ आनुषंगिक परिणाम आहे, दुसऱ्यात तो माणूस मध्ये पडणं हाच उपाय आहे.' उत्तर ब. स्पष्टीकरण: पाच विरुद्ध एक हा हिशेब दोन्ही प्रसंगांत सारखाच असल्यामुळे त्यांच्यातला फरक तो सांगू शकत नाही.